सणासुदीच्या रजांचं वेळापत्रक: आठ जणांचं ऑफिस, भाऊबीज आणि जीएसटीची तारीख एकाच दिवशी. कसं बसवायचं?

नारायणपेठी_हिशेब (२७ जून २०२६, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी नारायण पेठेतल्या एका छोट्या सीए ऑफिसचं व्यवस्थापन बघते. मी स्वतः सीए नाही, पण हजेरी, रजा, क्लायंटचे फोन, सगळं माझ्याकडे. आम्ही आठ जण आहोत. सर, मी, टीडीएस आणि बँकेचं बघणारे काका, जीएसटीवर दोघं (एक ताई, एक मूळचा बिहारमधल्या छपऱ्याचा मुलगा), सीए शिकणारे दोन आर्टिकल आणि ऑफिसातली वरची कामं बघणारा दादा.

यंदा अधिक महिना झाल्यामुळे सगळे सण उशिरा आलेत आणि आमच्या तारखांवर येऊन बसलेत. १४ सप्टेंबरला सोमवारी गणपती, दुसऱ्या दिवशी १५ ला ॲडव्हान्स टॅक्सचा दुसरा हप्ता. गौरीपूजन १८ ला आणि २० ला जीएसटीचं ३बी रिटर्न. अनंत चतुर्दशी २५ ला, ३० ला टॅक्स ऑडिट रिपोर्टची मुदत. दसरा २० ऑक्टोबरला म्हणजे परत ३बी च्याच दिवशी. आणि भाऊबीज ११ नोव्हेंबर, त्या दिवशी जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख.

मागच्या वर्षी जो आधी अर्ज देईल त्याला रजा असं केलं होतं. ताईंनी जुलैमध्येच गणपती आणि दिवाळी दोन्हीचे अर्ज टाकले, बाकीचे बघत राहिले. दिवाळीत ऑफिसात कोण होतं तर छपऱ्याचा मुलगा आणि एक आर्टिकल, जो मुस्लिम आहे. दोघं काही बोलले नाहीत पण मला ते आजपर्यंत खटकतंय. यंदा मला आधीपासून नीट ठरवायचंय. तुमच्याकडे काय पद्धत आहे? काम अडता कामा नये आणि कुणावर अन्यायही होता कामा नये, दोन्ही हवंय.

---

कोथरूडकर_७२ (२७ जून, १०:०५)

सोप्पं आहे, चिठ्ठ्या टाका. नशिबाशी कोण भांडणार.

---

मुळा_मुठा (२७ जून, १०:१८)

चिठ्ठ्या टाकल्या आणि जीएसटीच्या दोघांनाही भाऊबीज लागली तर? रिटर्न ऑफिसातला दादा भरणार का?

---

रजा_हवी_मला (२७ जून, १०:५०)

माझापण हाच प्रॉब्लेम आहे. आमचे साहेब दिवाळीच्या आदल्या दिवसापर्यंत रजा मंजूर का नामंजूर सांगतच नाहीत, मेल टाकला तरी उत्तर नाही. मला अकोल्याला जायचंय, तिकीट काढू का नको? काय लिहू मेलमध्ये म्हणजे ते हो म्हणतील?

---

मुळा_मुठा (२७ जून, १०:५८)

@रजा_हवी_मला, धागा रजा देणाऱ्यांचा आहे, घेणाऱ्यांचा नाही :) पण तुमचा मुद्दा त्यांच्या कामाचा आहे, थांबा जरा, कुणीतरी बोलेलच.

---

निवृत्त_टाइमकीपर (२८ जून, सकाळी ७:३०)

ताई, मी पिंपरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टाइम ऑफिसात होतो. माणसं तुमच्यापेक्षा पुष्कळ जास्त पण भांडण अगदी हेच. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

पहिली चूक सगळीकडे हीच होते की आपण माणसं मोजतो. "दिवाळीत निदान दोघं हवेत" असं म्हणतो आणि दोघं बसवतो, आणि नेमकं त्या दोघांना जे काम येत नाही तेच त्या दिवशी निघतं. आमच्याकडे एका दिवाळीत चौघं हजर होते आणि बॉयलर अटेंडंट एकही नव्हता. म्हणून आधी माणसं बाजूला ठेवा. एका कागदावर तारखा लिहा, प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशी टळूच शकत नाही असं काम लिहा, आणि त्या कामापुढे ते एकट्यानं पुरं करू शकणाऱ्यांची नावं. शिकाऊ माणसाचं नाव लिहायचं नाही. जिथं एकच नाव येईल तिथं लाल खूण करा. तुमचा खरा प्रश्न त्या लाल खुणांचा आहे, रजांचा नाही. त्या खुणा कमी करायला आत्तापासून अडीच महिने आहेत, जुलै-ऑगस्टच्या रिटर्नला दुसऱ्या माणसाला शेजारी बसवून शिकवा.

दुसरं, पसंती विचारताना "कुठल्या रजा हव्यात" असं विचारू नका, सगळे सगळंच लिहितात. प्रत्येकाकडून एकच दिवस मागायचा जो तो कशासाठीही सोडणार नाही. आम्ही त्याला हट्टाचा दिवस म्हणायचो. हट्ट एकच, बाकीच्या मागण्या दुय्यम. आधी सगळ्यांचे हट्ट बसवायचे मग उरलेलं वाटायचं. तुम्ही करून बघा, आठ जणांचे हट्ट आठ वेगवेगळ्या दिवशी निघतात, निदान पाच-सहा तरी.

तिसरं, दोघांचा हट्ट एकाच दिवशी आला तर मागच्या वर्षीची वही काढायची. मागच्या वर्षी सणाच्या दिवशी कामावर कोण होतं ते लिहिलेलं असलं पाहिजे. जो होता त्याला यंदा पहिला मान. दोघंही सारखे असतील तरच चिठ्ठी.

---

नारायणपेठी_हिशेब (२८ जून, ९:१५)

काका, हट्टाचा दिवस हा शब्द फार आवडला. लाल खुणा आत्ताच करून बघितल्या. टीडीएसचं चलन एकटे काका भरतात. ऑडिट रिपोर्टवर सही फक्त सरांची, ते तर बदलणारच नाही. जीएसटीला दोघं आहेत, पण बारा-पंधरा क्लायंट असे आहेत ज्यांचे पासवर्ड आणि सगळी माहिती फक्त ताईंनाच माहीत.

---

ओटीपी_वाला (२८ जून, ९:४०)

सीए ऑफिसात दहा वर्षं काढली म्हणून सांगतो, तुमच्या लाल खुणांत एक राहिलं. क्लायंट. ३बी भरताना ओटीपी क्लायंटच्या मोबाईलवर जातो, कंपनी असेल तर त्यांच्या डायरेक्टरची डिजिटल सही लागते. ऑडिट रिपोर्ट सरांनी अपलोड केला तरी क्लायंटनं त्याच्या लॉगिनमधून तो स्वीकारावा लागतो, त्याशिवाय तो पुरा होत नाही. आता तुमचा क्लायंट १४ सप्टेंबरला राजापूरला गेलाय, घरात रेंज नाही, ओटीपी कोण सांगणार? ऑफिसात तुम्ही आठच्या आठ बसलात तरी काम अडलंच.

आम्ही ऑगस्टमध्ये क्लायंटनापण विचारायचो, तुम्ही कधी गावाला जाणार, फोन कुणाकडे असेल. सहीचे डोंगल ऑफिसात कपाटात कुणाचे आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते हेपण बघून ठेवा. दिवाळीत मुदत संपलेलं डोंगल म्हणजे गेलाच दिवस.

---

पेठेतली_मुक्ता (२८ जून, ११:०२)

मी मध्ये बोलते, सीए नाही, डिझाइनचं काम करते. आमच्याकडे पॉइंट आहेत. प्रत्येकाला वर्षाला दहा पॉइंट, लक्ष्मीपूजन तीन, भाऊबीज तीन, गणपतीचा पहिला दिवस दोन, बाकी एक. ज्याला पाहिजे त्यानं खर्च करायचे. कुणी कुणाला कारण विचारायचं नाही. एकदम फेअर.

---

निवृत्त_टाइमकीपर (२८ जून, ११:३५)

मुक्ता, पद्धत चांगली, पण एक सांग, पॉइंट साठवता येतात का पुढच्या वर्षासाठी?

---

पेठेतली_मुक्ता (२८ जून, ११:४४)

हो.

---

निवृत्त_टाइमकीपर (२८ जून, ११:५०)

मग दोन-तीन वर्षांत बघ. तिघं जण साठवतील आणि एका दिवाळीला सगळे एकदम खर्च करतील, आणि नियमाप्रमाणे तुम्हाला तिघांनाही सोडावं लागेल. साठवायला मर्यादा घाला आणि त्या दिवशी कमीत कमी किती माणसं, ही अट पॉइंटच्या वर ठेवा.

---

पेठेतली_मुक्ता (२८ जून, ११:५८)

हे झालंय आमच्याकडे :( मागच्याच दिवाळीत. मला वाटलं होतं तो अपवाद.

---

कायदेशीर_सल्ला (२८ जून, दुपारी १:२०)

एक मुद्दा सगळे विसरताय. दिवाळीच्या सगळ्या दिवसांची भरपगारी सुट्टी कायद्यानं द्यावीच लागते, बोलावलं तर डबल पगार. मग वेळापत्रक कशाला, ऑफिस बंद ठेवा.

---

लेबर_कॉर्नर (२८ जून, २:०५)

अर्धं बरोबर आहे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कर्मचाऱ्यांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी मिळून ठरवायच्या. त्यात दिवाळीचे दोन दिवस घेतले असतील तर दोन, सगळे नाही. अशा ठरलेल्या सुट्टीला कामावर बोलावलं तर दुप्पट पगार आणि वर बदली सुट्टी, हे मात्र खरं. कॅज्युअल रजा आठ वेगळ्या.

पण हा कायदा मुळातच दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणांसाठी केलेला, आठ जणांच्या ऑफिसला या तरतुदी लागूच होत नाहीत. तरी मी म्हणेन की तोच नियम स्वतःला लावून घ्या, लोकांना स्पष्ट असतं. नारायणपेठी, तुमच्या चार कुठल्या ठरल्यात?

---

नारायणपेठी_हिशेब (२८ जून, २:३०)

गणेश चतुर्थी, अनंत चतुर्दशी, दसरा आणि पाडवा. लक्ष्मीपूजन यंदा ८ नोव्हेंबरला रविवारीच आहे म्हणून घेतलं नाही. भाऊबीज त्यात नाही, म्हणूनच भांडण. आणि अजून एक दिवस आहे ज्याचा मी विचारच केला नव्हता, ९ नोव्हेंबर सोमवार. रविवारी लक्ष्मीपूजन, मंगळवारी पाडवा, मध्ये हा एक मोकळा दिवस. काल सहज विचारलं तर आठातल्या सहा जणांना ९ ची रजा हवीय, भाऊबीजेपेक्षा जास्त!

---

कोथरूडकर_७२ (२८ जून, २:४१)

९ ला क्लायंट तरी कोण फोन करणार आहे? सरळ बंद ठेवा आणि त्याबदल्यात एक शनिवार भरून काढा. जी रजा सगळ्यांनाच हवी ती वाटत बसण्यात अर्थ नाही.

---

मुळा_मुठा (२८ जून, २:५०)

कोथरूडकर, चिठ्ठ्यांवरून थेट इथपर्यंत, मानलं. +१

---

सलीम_कोंढवा (२८ जून, संध्याकाळी ६:१०)

मी पहिल्यांदाच लिहितोय इथे, वाचत असतो. पहिल्या पोस्टमधला तो आर्टिकल मी नाही, पण त्याच्या जागी मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये पाच वर्षं होतो.

दिवाळीत आमच्याकडे ठरवायची वेळच यायची नाही, सलीम आहेच. मलाही तेव्हा काही वाटायचं नाही, खरंच, सगळे मित्र होते, फराळाचा डबा यायचा. त्रास ईदला व्हायचा. ईद चंद्रावर असते, २९ वा रोजा झाल्यावर रात्री कळतं उद्या आहे का परवा. मी दोन्ही दिवस लिहून द्यायचो तर इनचार्ज म्हणायचे एक काय ते नक्की सांग. आणि एकदा म्हणाले तुला दिवाळीला चार दिवस मोकळे मिळतात की, कुणी पेशंट येत नाही. मी हजर होतो हो त्या चार दिवसांत, रजेवर नव्हतो!

म्हणून ताई, त्याला गृहीत धरू नका एवढंच. तो दिवाळीत कदाचित आनंदानं येईल, पण त्याला विचारा, आणि तो आला तर ते वहीत लिहा आणि ईदला त्याचे दोन्ही दिवस आधीच राखून ठेवा, चंद्र दिसेल तसा एक परत घ्या. आणि त्याचेही आईवडील, बहीण आहेत, दिवाळीत सगळ्या नातेवाइकांना सुट्टी असते म्हणून लग्नं, साखरपुडे त्याच आठवड्यात निघतात आमच्यातही.

---

नारायणपेठी_हिशेब (२८ जून, ६:४५)

सलीमभाई, धन्यवाद, मनापासून. उद्याच विचारते त्याला.

---

गौरीच्या_माहेरी (२८ जून, रात्री ८:२०)

पहिल्या पोस्टमध्ये ताईंवर जरा राग दिसतोय, म्हणून त्यांच्या बाजूनं लिहिते. घरी उभ्याच्या गौरी असतात, सासूबाईंचे गुडघे गेलेत, १७ ला आवाहन, १८ ला पूजन, सोळा भाज्या, पुरण, वीस पानं, १९ ला विसर्जन. हे मी नाही केलं तर कोण करणार? ही मौजेची रजा नाही, ऑफिसपेक्षा जास्त राबते मी त्या तीन दिवसांत. जुलैमध्ये अर्ज टाकला यात चूक काय, नियम तोच होता ना.

---

एकटी_राहते (२८ जून, ८:४७)

तुमचं खरंच आहे, पण मी पस्तीस वर्षांची, लग्न नाही केलेलं. दर वर्षी मला सांगतात "तुझ्याकडे काय गौरी नाहीत". माझी आई साताऱ्याला एकटी असते, तिच्याबरोबर पाच दिवस शांत बसायचं हे कारण कुणाला कारणच वाटत नाही. माझं म्हणणं, कारण विचारूच नये. मुक्ताच्या ऑफिसातली ती एक गोष्ट बरोबर आहे.

---

गौरीच्या_माहेरी (२८ जून, ९:०१)

आणि कुणाच्या घरी दुखणं असेल तरी विचारायचं नाही? मला नाही पटत. माणसांचं ऑफिस आहे, कारण ऐकून घ्यायला काय जातं.

---

एकटी_राहते (२८ जून, ९:०८)

दुखणं वेगळं, ते सणात येत नाही. सणाच्या रजेत कारण ऐकायला लागलं की ज्याला चांगलं सांगता येतं त्याची रजा होते.

---

निवृत्त_टाइमकीपर (२८ जून, ९:३०)

दोघींचंही ऐकलं. आमच्याकडे कारण विचारत नव्हते, पण तीस माणसांत ते जमतं, आठात सगळ्यांना सगळ्यांचं माहीतच असतं. मी या प्रश्नाला उत्तर नाही देऊ शकत. एवढंच म्हणेन की ज्या घरात गौरी आहेत तिनं हट्टाचा दिवस गौरीपूजन लिहावा, मग भाऊबीजेला ती इतरांच्या बरोबरीनं रांगेत. दोन्हीकडे पहिला मान नाही.

---

पथकवाला (२८ जून, १०:१५)

ढोल पथकात आहे, सात वर्षं. अनंत चतुर्दशी तुमच्याकडे सुट्टी आहे हे बरंय, पण २६ ला शनिवारी माणूस येईल अशी अपेक्षा करू नका. मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते आणि कमरेला ढोल बांधून रात्रभर उभं राहिलेला माणूस सकाळी ऑडिटच्या फायली तपासणार असेल तर चुकाच करणार. आणि नारायण पेठेत ऑफिस म्हणजे लक्ष्मी रोड, केळकर रोड, कुमठेकर रोड, सगळं बंद. गाडी कुठून आणणार?

---

नारायणपेठी_हिशेब (२८ जून, १०:२८)

अगदी, आमचा दुसरा आर्टिकल पथकातच आहे! त्याचा हट्टाचा दिवस न विचारताच कळला. पण ३० सप्टेंबर डोक्यावर आहे, २५-२६ दोन्ही गेले आणि २७ ला रविवार, मग उरतात तीन दिवस.

---

ओटीपी_वाला (२८ जून, १०:४५)

२२ तारखेपर्यंत सगळ्या फायली सरांच्या टेबलावर असा नियम करा, २५ ते २७ सर घरून वाचतील आणि अपलोड करतील, २८ ते ३० कुणालाही रजा नाही. फक्त हे २८-२९-३० आत्ता जूनमध्ये सांगा. सप्टेंबरमध्ये सांगितलं तर ती बंदी वाटते, जूनमध्ये सांगितलं तर कॅलेंडर वाटतं.

---

बघू_नंतर (२८ जून, ११:१०)

एवढं कशाला टेन्शन, मुदतवाढ मिळतेच. मागच्या वर्षी ऑडिटची मिळाली, दिवाळीला ३बी ची पण मिळाली.

---

ओटीपी_वाला (२८ जून, ११:२२)

मिळाली, पण कधी? ऑडिटची ३० सप्टेंबरची ३१ ऑक्टोबर केली ती २५ सप्टेंबरला जाहीर झाली. ३बी ची २० ऑक्टोबरची २५ केली ती तर अगदी ऐन दिवाळीत कळली. तोवर लोकांच्या रजा नाकारून झाल्या होत्या, तिकिटं रद्द करून झाली होती. मुदतवाढीचा उपयोग क्लायंटला झाला, ऑफिसातल्या माणसाची दिवाळी गेली ती गेलीच. वेळापत्रक मूळ तारखेवरच करायचं.

---

रजा_हवी_मला (२९ जून, सकाळी ८:०५)

माझ्या प्रश्नाचं कुणी काही बोललं नाही. पण तिकिटावरून सांगतो, रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. सकाळी आठला उघडतं आणि दिवाळीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. साहेबांनी त्या दिवसाच्या आधी हो म्हटलं तरच रजेला अर्थ. नंतर दिलेली रजा म्हणजे ट्रॅव्हल्सवाल्याला दुप्पट-तिप्पट पैसे.

---

निवृत्त_टाइमकीपर (२९ जून, ८:४०)

हे या धाग्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे. ताई, यादी लावायची तारीख सणावरून ठरवू नका, तिकिटावरून ठरवा. १२ सप्टेंबरला शनिवारी कोकणात निघणाऱ्याचं बुकिंग १४ जुलैला उघडेल. म्हणजे गणपतीची यादी १० जुलैला भिंतीवर पाहिजे. आणि @रजा_हवी_मला, तुमच्या साहेबांना हीच तारीख मेलमध्ये लिहा, "अमुक तारखेला सकाळी आठला बुकिंग उघडतं, त्याआधी कळलं तर बरं". कारणापेक्षा तारीख पटते माणसाला.

---

रजा_हवी_मला (२९ जून, ८:५२)

हे चांगलंय. लिहितो. धन्यवाद काका.

---

सोसायटी_सेक्रेटरी (२९ जून, १०:३०)

आमच्या सोसायटीतही हाच घोळ आहे, वॉचमन दोघंही दिवाळीत गावाला जातात, कामवाल्या मावशी आठवडाभर येत नाहीत. तुमचं ठरलं की मलापण सांगा.

---

नारायणपेठी_हिशेब (४ जुलै, रात्री ९:५५)

आठवडाभर लागला, पण बराच भाग बसला. सांगते काय झालं ते.

सगळ्यांना चिठ्ठीवर हट्टाचा एकच दिवस लिहायला सांगितला. काका म्हणाले होते तसंच झालं. ताई १८ सप्टेंबर गौरीपूजन. पथकवाला आर्टिकल २६ सप्टेंबर. ऑफिसातला दादा १२ सप्टेंबर, त्याला गुहागरला जायचंय. टीडीएसवाल्या काकांनी धनत्रयोदशी, ६ नोव्हेंबर लिहिली, त्यांच्याकडे त्या दिवशी वडिलांपासून चालत आलेली पूजा असते. छपऱ्याच्या मुलानं १५ नोव्हेंबरची छठ. मी इतकी वर्षं त्याला दिवाळीला का जात नाहीस विचारत होते आणि त्याचा मोठा सण दिवाळीनंतर सहा दिवसांनी असतो हे मला माहीतच नव्हतं, त्यानंही कधी सांगितलं नाही. तो १२ ला निघेल, त्याचं बुकिंग १३ सप्टेंबरला उघडतं, गणपतीच्या आदल्या दिवशी, मी माझ्या फोनवर आठवण लावलीय.

मुस्लिम आर्टिकलला विचारलं तर म्हणाला दिवाळीत येतो, पण ९ आणि १० ला नाही, मामेबहिणीचा साखरपुडा आहे. सलीमभाई, तुमची फार आठवण आली. पुढच्या वर्षी ईदचे दोन दिवस त्याच्या नावावर आत्ताच वहीत लिहिलेत.

९ नोव्हेंबर ऑफिस बंद, त्याबदल्यात ३१ ऑक्टोबरचा शनिवार पूर्ण दिवस, नाहीतरी ऑडिटवाल्यांच्या रिटर्नची शेवटची तारीख तीच आहे.

आता ११ नोव्हेंबर. आमचे जीएसटीचे दर महिन्याचे ५८ क्लायंट. मागचे तीन महिने काढून बघितले, ११ तारखेला दिवसभरात किती भरले जातात. २३, १९, २६. म्हणजे जवळजवळ निम्मे शेवटच्या दिवशी. का, तर क्लायंट बिलं ९-१० ला पाठवतात. मग क्लायंटना सांगायचं ठरवलं की ऑक्टोबरची बिलं ३ नोव्हेंबरपर्यंत हवीत, आणि कारणही लिहायचं, ११ नंतर भरलं तर तुमच्या गिऱ्हाइकाला जीएसटीच्या त्या महिन्याच्या २बी यादीत तुमचं बिल दिसणार नाही आणि तो तुम्हालाच फोन करेल. दंडाच्या ५० रुपयांना कुणी घाबरत नाही, गिऱ्हाइकाला घाबरतात. ७ नोव्हेंबरपर्यंत पन्नासेक उरकतील असा अंदाज आहे, ११ ला आठ-दहा उरतील. त्याला एक माणूस भरणारा आणि एक क्लायंटच्या ओटीपीच्या मागे लागणारा, सकाळी १० ते २.

भरणारा छपऱ्याचा मुलगा, तो स्वतःहून म्हणाला. ताईंचे ते बारा-पंधरा क्लायंट त्यानं ऑगस्ट आणि सप्टेंबरला ताईंच्या शेजारी बसून भरायचे. दुसरा माणूस अजून ठरत नाहीये. ताई, मी, काका, तिघांनाही भाऊबीज.

---

मुळा_मुठा (४ जुलै, १०:१२)

७ नोव्हेंबरला टीडीएस भरायचं असतं ना? काका ६ ला नाहीत आणि ती लाल खूण होती.

---

नारायणपेठी_हिशेब (४ जुलै, १०:२०)

बरोबर पकडलंत. चलनं ५ लाच तयार करून ठेवायची, ७ ला काका हजर आहेत. आणि मी शिकतेय, जुलैचं चलन ६ तारखेला काकांसमोर मी भरणार आहे.

---

एकटी_राहते (४ जुलै, १०:३१)

एक विचारू? या सगळ्या यादीत सर कुठे आहेत? त्यांना ओटीपीसाठी फोन नाही करता येणार का? क्लायंट त्यांचा फोन तर लगेच उचलेल.

---

पेठेतली_मुक्ता (४ जुलै, १०:३४)

+१. आमच्याकडेही मालकांचं नाव कधीच यादीत नसतं.

---

निवृत्त_टाइमकीपर (५ जुलै, सकाळी ७:०५)

विचारा ताई. फार तर नाही म्हणतील. आमच्याकडे एक मॅनेजर साहेब होते, लक्ष्मीपूजनाच्या रात्रपाळीला स्वतः यायचे. त्यांच्या वेळेला रजेची एकही तक्रार वर गेली नाही.

---

नारायणपेठी_हिशेब (६ जुलै, रात्री ८:४०)

आज विचारलं. सर जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले माझी बहीण संध्याकाळी पाचला ओवाळते, दोनपर्यंत मी मोकळाच असतो की, लिही माझं नाव. लिहिलं.

आता एकच राहिलंय. दसरा, २० ऑक्टोबर. ऑफिसला सुट्टी आहे पण ३बी ची तारीख आहे. ताई म्हणतात १९ ला रात्री आठपर्यंत थांबून संपवू, छपऱ्याचा मुलगा म्हणतो दसऱ्याला सकाळी दोन तास येतो पण बदली सुट्टी १३ नोव्हेंबरला द्या, म्हणजे त्याची छठची रजा एक दिवस कमी कापली जाईल. ताईंना ते पटत नाहीये, त्या म्हणतात मग मी १९ ला थांबते त्याची बदली सुट्टी कुठाय. कुणाचं बरोबर?

---

लेबर_कॉर्नर (६ जुलै, ९:१५)

सुट्टीच्या दिवशी येणं आणि कामाच्या दिवशी उशिरा थांबणं एकसारखं नाही. पहिल्याला बदली सुट्टी, दुसऱ्याला जादा तासांचे पैसे.

---

गौरीच्या_माहेरी (६ जुलै, ९:२२)

रात्री आठपर्यंत थांबून घरी जाऊन दसऱ्याची तयारी करायची, त्याचे तास कोण मोजणार? मला ताईंचं पटतं. अर्धा दिवस तरी द्या.

---

निवृत्त_टाइमकीपर (६ जुलै, ९:५०)

नियमानं लेबर_कॉर्नर बरोबर. पण ताई, क्लायंटना ३ तारखेची मुदत नोव्हेंबरला लावताय ती ऑक्टोबरलाही का लावत नाही? ३बी १७ लाच संपेल, मग ना १९ ची रात्र ना २० ची सकाळ.

---

नारायणपेठी_हिशेब (६ जुलै, १०:०५)

बिलं येतील हो काका, पण टॅक्सचे पैसे क्लायंट शेवटच्या दिवसापर्यंत भरत नाहीत, आणि पैसे भरल्याशिवाय ३बी जात नाही. जीएसटीआर-१ ला तो प्रश्न नाही. १७ ला फार तर चाळीस होतील. उरलेल्या अठरांसाठी कुणीतरी लागणारच. दोघांना उद्या समोरासमोर बसवते. यादी १० ला लावायचीच आहे.